गाजराचा रस, 6/6 आणि मामाची मुलगी

«रातांधळेपणा किंवा आरपी म्हणजे निव्वळ जीवनसत्त्व अ ची कमतरता. रोज गाजराचा रस घ्या, तीन महिन्यांत नजर मोकळी होते. घरात कुणालाच नसेल तर तो आनुवंशिक नाहीच. डोळ्यांचा नंबर 6/6 असेल तर काळजी नको. आणि काठी हातात घेतली की माणूस खचतो, ती टाळा.»

हा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात चार वेळा आला. त्यातला एक खास मला टॅग करून, मला आरपी म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा हा दृष्टिपटलाचा आजार असल्यामुळे.

गाजराचं आधी उरकतो. जीवनसत्त्वाच्या अभावानेही रात्री दिसेनासं होतं, हे खरं. पण ते औषध दिल्यावर बहुधा काही दिवसांत सुधारतं. आरपीत दृष्टिपटलातल्या दंडपेशी, म्हणजे अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी, जनुकातल्या दोषामुळे मरत जातात. मेलेली पेशी रसाने उठत नाही. दोन्हींतला फरक तपासणीत आणि ईआरजीत, म्हणजे दृष्टिपटलाचा विद्युत प्रतिसाद मोजणाऱ्या चाचणीत, सहसा कळतो. त्यापेक्षा अ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची भीती मोठी: जास्त मात्रा यकृताला आणि गर्भाला घातक आहे, आणि काही जनुकांच्या दोषात ती नुकसानच करते.

आनुवंशिकतेच्या मुद्द्यावर मात्र थांबावं लागेल, कारण आमच्या घरात याच समजुतीवर एक लग्न ठरत होतं.

आमच्याकडे आजोबा-पणजोबांपर्यंत कुणाला आरपी नव्हता. माझी जनुकीय चाचणी झाली आणि यूएसएच2ए या जनुकात दोन बिघाड निघाले. मग समुपदेशक बाईंनी आई-बाबांचंही रक्त मागितलं. आम्हाला ते उगाच वाटलं. पण प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बाबांकडून; दोन्ही बिघाड एकाच प्रतीवर असते तर आरपीचं कारण वेगळं शोधावं लागलं असतं. आमच्यात एक आईकडून आलेला निघाला, दुसरा बाबांकडून. दोघांकडे चांगली प्रतही होती, म्हणून दोघांची नजर ठणठणीत. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आरपी होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे घरात पहिला पेशंट मीच असणं हे अगदी नेहमीचं. (या जनुकाने कानही जाऊ शकतात, म्हणून माझी श्रवणचाचणीही झाली.)

माझ्या धाकट्या भावाला आरपी नाही. त्याच्यासाठी मामाची मुलगी सांगून आली होती. बाईंनी कागदावर मांडलं: भाऊ वाहक, म्हणजे एकच बिघडलेली प्रत असलेला पण आजार नसलेला, असण्याची शक्यता तिनात दोन. आईचा बिघाड मामाकडे असण्याची दोनात एक, त्याच्या मुलीकडे चारात एक. दोघे वाहक निघाले तर मुलाला पुन्हा चारात एक. गुणाकार केला की चोविसात एक. परक्या घरातली मुलगी शंभरात एक वाहक धरली, तर तोच आकडा सहाशेत एक होतो. आईला हे गणित पटायला दोन भेटी लागल्या. मामाला अजून पटलेलं नाही. भाऊ वाहक निघाला. मुलीत आईचा बिघाड नव्हता आणि पूर्ण जनुक तपासल्यावर दुसराही सापडला नाही. लग्न झालं.

मात्र सगळ्यांनाच इतकं स्वच्छ उत्तर मिळत नाही. बऱ्याच घरांत चाचणीत जनुक सापडतच नाही, पण त्याचा अर्थ आजार नाही असा नव्हे. आणि दोष एक्स गुणसूत्रावर असेल तर हिशेबच बदलतो: आई वाहक, मुलग्यांना निम्मी शक्यता. म्हणून जनुकाचं नाव कळल्याशिवाय कुणाला आकडे सांगू नयेत. उपचारासाठीही नाव लागतं: 2017 साली अमेरिकेत मंजूर झालेली जनुकोपचार पद्धत फक्त आरपीई65 च्या दोषासाठी आहे, माझ्यासाठी नाही.

6/6 चं म्हणाल तर तक्त्यावर मी अजूनही शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. पण फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ते मोजणाऱ्या चाचणीत, माझं क्षेत्र जेमतेम 15 अंश आहे. बोगद्यातून बघावं तसं दिसतं, पण बोगदा काळा दिसत नाही. कडेचं जग नसतंच, एवढंच. समोरच्याने पुढे केलेला हात दिसत नाही, मंडईत भाजीवालीने परत दिलेले सुटे पैसे दिसत नाहीत, आणि फुटपाथवरचे गुडघाभर उंचीचे खांब तर मुळीच नाही. अपंगत्वाच्या सरकारी व्याख्येत क्षेत्र 40 अंशांहून कमी असलं तरी अल्पदृष्टी धरतात, 6/6 असलं तरी. यूडीआयडी या सरकारी अपंगत्व ओळखपत्रासाठी फील्ड टेस्टचा कागद न्यायला विसरू नका. एका ठिकाणी मला नुसता तक्ता वाचायला लावून परत पाठवलं होतं.

वाचता वाचता मधलंच अचानक धुरकट झालं, तर मात्र ‘आरपीच वाढला’ म्हणून गप्प बसू नये. मोतीबिंदू असू शकतो, दृष्टिपटलाच्या मध्यभागी आलेली सूजही असू शकते, आणि दोन्हींवर उपाय आहेत.

घरात केलेले बदल साधे आहेत. कपाटाची दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद, जिन्याच्या पायऱ्यांना पिवळी पट्टी, स्टीलच्या पेल्याऐवजी ओट्यावर ठळक दिसणारा रंगीत पेला. दुचाकी विकली.

राहिली काठी. ती घेण्याआधी डेक्कनला लोक मला ‘दारू प्यायलाय का’ विचारायचे. आता बाजूला होतात, कधी कधी फार लांब.