थुंकी निगेटिव्ह आली, मग टीबीच्या गोळ्या सुरू कशाला?

"दोन महिन्यांत खोकला थांबतो, थुंकी निगेटिव्ह येते, म्हणजे टीबी गेला. पुढच्या चार महिन्यांच्या गोळ्या फक्त लिव्हर खराब करतात. बंद करा. त्रास झालाच तर पुन्हा चालू करता येतात."

असा सल्ला कानावर येतो. आधी त्यातलं थुंकीचं पाहू, कारण सगळी गफलत तिथेच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचे जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात ते साधारण 5 ते 10 हजार तरी असावे लागतात. समजा, उपचाराआधी मिलिलिटरमागे 1 कोटी जंतू होते आणि औषधाने दर 10 हजारांतले 9,999 मारले. तरी 1,000 जिवंत उरतात, आणि रिपोर्ट मात्र 'निगेटिव्ह' येतो. कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहिले तर, ते उगवतील, पण त्याला कित्येक आठवडे लागतात. शिवाय तपासणीला जातं ते खोकून वर आलेलं. फुप्फुसात खोल दडलेल्या जंतूंचा त्यात पत्ताही नसतो.

खोकला आणि ताप लवकर उतरतात, कारण भराभर वाढणारे जंतू आयसोनियाझिड पहिल्या काही दिवसांतच मारतं. मंदावलेले, जवळपास निद्रिस्त जंतू मागे राहतात. त्यांच्यासाठी पहिले 2 महिने पायराझिनामाइड असतं आणि रिफाम्पिसिन शेवटपर्यंत चालतं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन घालून 4 महिन्यांचा कोर्स देऊन पाहिला. थुंकी नेहमीपेक्षा लवकर साफ झाली, तरीही औषध थांबल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण 6 महिन्यांच्या कोर्सपेक्षा जास्त निघालं. (पुढे रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन असलेला 4 महिन्यांचा वेगळा कोर्स यशस्वी ठरला. पण त्यातली औषधं वेगळी आहेत, नेहमीचाच कोर्स मध्येच तोडलेला नाही.)

'पुन्हा चालू करू' हे अर्धंच खरं. सगळ्या गोळ्या एकदम सोडणाऱ्यांत बहुतेकदा जुनेच, औषधाला दाद देणारे जंतू परततात. मात्र ते कळेपर्यंत फुप्फुस आणखी पोखरलं जातं आणि घरच्यांना लागण होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे आठवडाभर घ्यायच्या, आठवडाभर सोडायच्या, किंवा जड वाटते म्हणून त्यातली एकच गोळी वगळायची. जंतूंमध्ये एखाद्या औषधाला न जुमानणारे मोजके आधीपासूनच असतात. बाकीची औषधं अपुरी पडली की तेच वाढतात. म्हणून उपचार तुटले असतील तर जुन्या गोळ्या परस्पर चालू करू नयेत. रिफाम्पिसिन लागू पडतं का, हे थुंकीवरून आधी तपासावं लागतं.

लिव्हरची भीती मात्र खोटी नाही. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, तिन्हींनी यकृताला सूज येऊ शकते. लघवी नारिंगी होणं हा रिफाम्पिसिनचा रंग, त्याला घाबरू नये. पण डोळे पिवळे झाले, सतत उलट्या होऊ लागल्या, अन्नावरची वासनाच गेली किंवा लघवी गडद चहासारखी झाली, तर सगळ्या गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. रक्त तपासून, यकृत सावरल्यावर ते औषधं एकेक करून पुन्हा सुरू करतात आणि जे सोसत नाही ते बदलतात.