अ‍ॅनिव्हर्सरीला घरात ट्रेझर हंट ठेवताय? मग हे वाचाच

लग्नाचा वाढदिवस आलाय आणि काहीतरी हटके करायचंय? हॉटेल, केक, मोगऱ्याचा गजरा, हे सगळं जुनं झालं हो. मागच्या आठवड्यात आमच्याकडे झाला तसा ट्रेझर हंट ठेवा. स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या लिहायच्या, घरभर लपवायच्या, एका चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीच्या जागेचं कोडं आणि शेवटी गिफ्ट. खर्च जवळपास शून्य आणि धावपळ सगळी बायकोची.

दिवस शक्यतो वर्किंग डेच ठेवा. बायको लोकलमधून उभी येऊन दारात चप्पल काढत असतानाच पहिली चिठ्ठी हातात द्या. पाणीबिणी नंतर.

पेन जेलचंच घ्या. फ्रीजमधल्या चिठ्ठीला ओल आली की शाई छान पसरते, कोडं आपोआप अवघड होतं.

कोडं यमकातच हवं. "मी थंड, मी गार, माझ्या पोटात संसार." मी फ्रीज उघडला, माठाखाली बघितलं, एसीवरची धूळ अंगावर घेतली. उत्तर काय, तर गॅलरीतला बंद पडलेला कूलर, कारण त्यात आपण जुन्या चादरी कोंबल्यात. हा संसार!

चिठ्ठ्यांवर नंबर टाकायचे नाहीत. आणि एक तरी चहापावडरच्या डब्यात ठेवायची, म्हणजे बिचारी मधेच चहा टाकायला गेली की तिसरीच्या आधी सातवी सापडते आणि मग मागून ओरडायचं, "अगं ती नाही, ती आत्ता नाही वाचायची!"

भिंतीला चिठ्ठी लावायची तर रुंद चिकटपट्टीने. रंगाचा पोपडा निघाला तर आठवण राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यादी करू नका. अजिबात. आमची चौथी चिठ्ठी होती, "जिथे आपली पहिली भेट झाली." आमचं कांदेपोह्यांचं लग्न, म्हणून मी कांद्याची टोपली उपसली, त्यात काही नाही, मग पोह्यांचा डबा, तोही रिकामा आणि लख्ख, कारण सकाळी मावशींनी तो घासून पालथा घातला होता आणि आतला कागद दुकानाचं बिल समजून कचऱ्यात टाकला होता, यात मावशींची काय चूक, डब्यात कागद असला तर कोणीही टाकेल. पण या खेळात एक चिठ्ठी गेली की पुढचं सगळं अडकतं, कारण पुढची जागा फक्त तिच्यात लिहिलेली असते. मग साहेबांना विचारलं, पुढची कुठे ठेवलीस? तर म्हणे, "थांब, आठवतो." आठवतो! स्वतः लपवलेली! मग आठवत आठवत तांदळाचा डबा परातीत ओतला, बोरिक लावलेले तांदूळ ओट्यावर, खाली, माझ्या पायात, तिथे नाही, मग गादी उचलली, मग देवघरातली पोथी, मग परत "बहुतेक तांदळातच होती." अरे बाबा, उलटं लिहीत यायचं असतं. आधी गिफ्टची जागा ठरवायची, मग तिथे नेणारी चिठ्ठी लिहायची, मग ती कुठे ठेवायची ते, मग तिथे नेणारी, असं करत पहिलीपर्यंत. म्हणजे एका कागदावर सगळी साखळी होते, कोपऱ्यात नंबर पडतात, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला की मधली एखादी हरवली तरी तोंडी सांगून पुढे जाता येतं. आणि लपवायच्या मावशी येऊन गेल्यावर. सुचेल तशा लिहून दिसेल त्या भोकात कोंबल्या की असंच होणार.

गिफ्ट माळ्यावर ठेवा. तिला स्टुलावर चढवा, तुम्ही खालून शूट करा.

बरं, पुरे झाली गंमत. सरळ सांगते. घरात खेळ ठेवायचाच असेल तर पाच-सहा चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या. पुस्तकात ठेवा, फोटोफ्रेमच्या मागे ठेवा, कपाटातल्या तिच्या साडीच्या घडीत ठेवा, जिथे हात घालताना तिला स्वयंपाकघर आवरावं लागणार नाही. स्वयंपाकघरात कोणता डबा कधी उघडतो, कधी घासायला पडतो हे ज्याला माहीत नाही त्याने तिकडे फिरकूच नये. तांदूळ कोणी निवडून भरले परत? मीच भरले. साडेदहाला खिचडी कोणी टाकली? मीच.

आणि त्या चिठ्ठ्या नंतर मी सगळ्या ओळीने लावून वाचल्या. कूलरवर दोन ओळी, शिलाई मशीनवर दोन, चपलांच्या स्टँडवर चक्क चार. माझ्यावर एकही नाही. अरे, एवढं हाताने लिहायला बसलात ना, मग कधीतरी बायकोबद्दल लिहा की! पहिल्या भेटीत ती काय बोलली होती, कुठल्या गाडीत तुमच्या खांद्यावर झोपली होती, ते लिहा आणि त्यावरून जागा ओळखू द्या, आपोआप कोडं होतं, यमक लागत नाही. तेवढंही आठवत नसेल तर खेळबिळ राहू दे, गिफ्ट सरळ हातात द्या आणि जेवायला वाढा. आणि कॅमेरा धरून "जरा अजून सरप्राईज्ड दिस ना" म्हणू नका. भूक लागलेली असते माणसाला.