रेकॉर्डेड भाषणाला 'थेट जोडले जात आहेत' म्हणणं बंद करा आता

अरे किती वेळा तेच तेच बघायचं. निवेदक माइकवर येतो, 'आणि आता आपल्याशी संवाद साधायला येत आहेत', जोरदार टाळ्या, अर्धं सभागृह मान वळवून दाराकडे बघतंय आणि स्क्रीनवर उमटतो लॅपटॉपचा डेस्कटॉप, त्यावर कर्सर फाइल शोधत फिरतोय. मग निवेदक म्हणणार, 'टेक्निकल टीम, प्लीज व्हिडिओ लावा.' म्हणजे वक्ते आलेलेच नाहीत, हे लोकांना असं कळणार!

सरळ सांगा ना, की त्यांना येता आलं नाही, त्यांनी आपल्यासाठी आठ मिनिटांचं भाषण रेकॉर्ड करून पाठवलंय आणि प्रश्न असतील तर ते लिहून द्या, आपण त्यांना पाठवू. एवढं ऐकलं की लोक नीट बसतात, कुणी हात वर करून ताटकळत नाही.

आणि व्हिडिओ आधी बघा हो, शेवटपर्यंत बघा! माझी सगळ्यात जास्त चीड इथे आहे. परवाच्या कार्यक्रमात निवेदिकेने नाव, पद, वीस वर्षांचा अनुभव सगळं वाचून दाखवलं आणि व्हिडिओत बाईंनी पहिल्याच वाक्यात तेच नाव, तेच पद, तीच वीस वर्षं सांगितली. आधी बघितला असता तर ओळख त्याच्या अलीकडे थांबवता आली असती, म्हणजे या विषयावर यांचंच का ऐकायचं तेवढं सांगायचं आणि नाव शेवटी घ्यायचं. ते नाव हाच व्हिडिओ लावणाऱ्या ऑपरेटरसाठी इशारा. हे निवेदक आणि ऑपरेटर दोघांनी आधी ठरवायचं, फाइल पहिल्या फ्रेमवर थांबवून तयार ठेवायची, प्रोजेक्टरवर तोवर काळा स्क्रीन आणि आवाज हॉलच्याच स्पीकरवर तपासलेला, लॅपटॉपच्या नाही. मग नाव घेतलं की व्हिडिओ सुरू, 'लावा लावा' म्हणायची वेळच येत नाही.

व्हिडिओतून बाहेर येताना तर त्याहून वाईट. बाईंचं शेवटचं वाक्य निवेदिकेला माहीतच नव्हतं, त्यामुळे मधल्याच एका पॉजला भाषण संपलं समजून ती 'धन्यवाद मॅडम' म्हणाली आणि बाई पुढे बोलायला लागल्या. खरंच संपलं तेव्हा ही बाजूला कुणाशी तरी बोलत होती, तेवढ्यात प्लेअरने फोल्डरमधली पुढची क्लिप आपोआप सुरू केली. शेवटचं वाक्य कार्डावर लिहून हातात ठेवायला काय जातं? ते वाक्य आलं की ऑपरेटरने स्क्रीन काळा करायचा, टाळ्या होऊ द्यायच्या आणि मग बोलायचं, तेही प्रेक्षकांशी. रिकाम्या पडद्याकडे बघून 'मॅडम आपण वेळ दिलात' कशाला? त्या ऐकत नाहीयेत! भाषणातला एक मुद्दा उचला, पुढच्या वक्त्याशी जोडा, झालं. अख्ख्या आठ मिनिटांचा सारांश तर मुळीच नको, लोकांनी आत्ताच ऐकलंय ते.