"मी तर आधीच सांगितलं होतं" म्हणणाऱ्या चॅटबॉटशी रात्री पाऊण तास भांडले

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहिते. लांबेल, आधीच सांगून ठेवते.

सोसायटीची सचिव मी यंदा झाले. "तू मोकळीच असतेस ना," असं म्हणत सगळ्यांनी गळ्यात घातलं. (मोकळी! असो.) काल रात्री भाड्याने दिलेल्या फ्लॅट्सच्या नॉन-ऑक्युपन्सी चार्जची नोटीस लिहायला बसले. मराठी नीट हवं म्हणून चॅटबॉट उघडला. देखभाल बिल, सिंकिंग फंड, थकबाकीवरचं व्याज असं सगळं एकाच चॅटमध्ये विचारत गेले. दीडेक तास झाला असेल. शेवटी नोटीस आली ती अशी, की मी आधी सांगितल्याप्रमाणे हा चार्ज एकूण देखभाल बिलाच्या १० टक्के.

मला वेगळंच आठवत होतं. तसं लिहिलं, तर तो ठाम. सुरुवातीलाच सांगितलंय, म्हणे. वर जाऊन शोधलं, सापडेना. नवरा शेजारून म्हणाला, "वाचलं नसशील तू नीट." आणि आज सकाळी हिशेब बघणाऱ्या बी विंगच्या काकांना सांगितलं, तर तेही तेच, "अगं, मशीन कशाला खोटं बोलेल?"

इथे माझं टाळकं सरकलं. आपल्या डोळ्यांपेक्षा त्याच्या ठामपणावर विश्वास? घरात कुणी "मी सांगितलं होतं, तूच विसरलीस" म्हणालं की आपण बायका आधी स्वतःलाच तपासतो. पाऊण तास मी तेच करत होते.

आता शोधण्याचं सांगते, कारण तिथे माझीही चूक झाली. मी Ctrl+F करून "10 टक्के" टाकलं. शून्य. पण चॅटमध्ये होतं "१०", मराठी आकड्यांत! शिवाय लांब चॅटचा वरचा भाग कधी कधी वर सरकवल्याशिवाय उघडतच नाही, मग शोध अर्ध्याच मजकुरात लागतो. सकाळी मी अगदी वरपर्यंत गेले, सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये ओतलं आणि आकडा सोडून "चार्ज" एवढाच शब्द शोधला. आख्खं वाक्य शोधत बसू नका, एक शब्दही इकडचा तिकडे असला तरी सापडत नाही.

सापडलं काय? त्याने सुरुवातीला बरोबरच लिहिलं होतं, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. आणि "एकूण बिलाच्या" हे शब्द होते माझे! मीच मधे लिहिलं होतं की आधीचे सचिव एकूण बिलावर लावायचे. माझं वाक्य उचलून त्याने स्वतःच्या नावावर खपवलं आणि वर मलाच दटावलं.

भाचा या क्षेत्रात आहे, त्याला फोन केला. म्हणाला, "मावशी, त्याला तू समजतेस तसं आठवत नाही. तू प्रत्येक वेळी एंटर मारलंस की वरपासूनचं सगळं चॅट परत त्याच्याकडे जातं, ते वाचून तो पुढचं लिहितो. त्यात कोण काय म्हणालं याची सरमिसळ होते." आणि चॅट फार लांबलं तर वरचा भाग गळतो, किंवा काही ठिकाणी त्याजागी नुसता सारांश ठेवला जातो. तुमच्या पडद्यावर सगळं दिसतं, त्याच्यापुढे मात्र असेलच असं नाही. म्हणजे "आधी सांगितल्याप्रमाणे" हे त्याने वहीचं पान उलटून म्हटलेलं नसतं. आपल्याकडच्या सरकारी पत्रात "उपरोक्त विषयास अनुसरून" येतं ना, तसंच ते ओघात येतं.

रात्री मी त्याला म्हटलं होतं, नेमकं वाक्य दाखव. त्याने अवतरण चिन्हांत, छान व्याकरणात वाक्य दिलं. मी खजील झाले! ते वाक्य आज नोटपॅडमध्ये शोधलं. कुठ्ठेही नाही. रचलेलं. तेव्हा वाक्य मागायचं ते एकदाच, आणि तेही शोधायला एखादा शब्द मिळावा म्हणून. पुरावा म्हणून नाही.

सगळ्यात मोठा मूर्खपणा मात्र भांडण्याचा. मी जितके वेळा "नाही, तू असं म्हणाला नाहीस" लिहिलं आणि त्याने जितके वेळा "म्हणालो होतो" लिहिलं, ते सगळं त्याच चॅटमध्ये साठत गेलं. पुढच्या वेळी तो वाचणार ते हेच! चुकीचं वाक्य पाचदा आलं की त्याच्या लेखी ते पाच वेळा लिहिलेलं असतं. भाच्याने सांगितलेला उपाय साधा आहे. जिथून गाडी घसरली त्याच्या आधीचा आपला प्रश्न दुरुस्त करून परत पाठवायचा, म्हणजे पुढची सगळी बाचाबाची त्याच्यासमोरून जाते. ती सोय नसेल तर सरळ नवीन चॅट, आणि त्यात आपल्याकडचा मूळ मजकूर चिकटवायचा. मी उपविधींच्या पुस्तकातलं कलम टाइप करून टाकलं. तीन मिनिटांत नोटीस बरोबर आली.

हो, कधी कधी तो खरा असतो आणि आपणच विसरलेलो असतो. मान्य. काही ॲपमध्ये जुन्या चॅटमधलंही लक्षात ठेवायची सोय असते, तेव्हा गोष्ट भलत्याच चॅटमध्ये सापडू शकते. तेही मान्य. म्हणून आधी शोधा, मग चिडा. माझा क्रम उलटा होता.

पण त्याने माफी मागितली म्हणजे आपण जिंकलो असंही समजू नका. मी आज मुद्दाम खोटंच लिहिलं, की तू मला पंधरा टक्के म्हणाला होतास. लगेच क्षमा! जे तो कधी बोललाच नव्हता त्याबद्दल! मला हसू आलं, आणि खरं सांगते, रागही तिथेच उतरला. ज्याला रात्री मी आडमुठा म्हणत होते तो पायाखालच्या पायपुसण्याइतका नरम निघाला. त्याचा ठामपणा जितका पोकळ, तितकीच माफी.

आणि तो आधी काय म्हणाला यावर मी पाऊण तास घालवला, पण नियम काय आहे ते बघायला कपाटातलं पुस्तक काढलं नाही. त्याने दहा वेळा सांगितलं असतं तरी एकूण बिलावर लावणं चूकच होतं. २००१ च्या सरकारी आदेशापासून मर्यादा सेवा शुल्काच्या १० टक्के अशीच आहे. आमचं महिन्याचं बिल ३,२०० रुपये, त्यात सेवा शुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे वगैरे, १,४०० रुपये. बरोबर चार्ज १४० रुपये. नोटीस तशीच लागली असती तर ३२० गेले असते. भाड्याचे फ्लॅट सात. महिन्याला १,२६० रुपये आम्ही लोकांकडून जास्त उकळले असते, आणि खाली सही माझी.

काकांना हे सगळं नोटपॅडसकट दाखवलं. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आधीचे सचिव इतकी वर्षं एकूण बिलावर घेत होते, ते?"

आधीचे सचिव म्हणजे काकांचेच व्याही. रविवारी मीटिंग आहे.