व्याज वैनींचं, टॅक्स दादांचा

"मिसेसच्या नावावर टाक की वो" हे वाक्य बेळगावात मला आत्तापर्यंत निदान पन्नास जणांनी तरी ऐकवलंय. शहापुरातल्या आमच्या कट्ट्यावर ज्याला स्वतःचा रिटर्न कधी भरायचा ते ठाऊक नाही तोसुद्धा हा सल्ला फुकट देतो, आणि वर असा चेहरा करतो जणू दिल्लीला बजेट यानेच लिहून पाठवलंय. माझा पगार बरा, टॅक्स जास्त, बायकोला कमाई नाही, म्हणजे तिच्या नावावर एफडी केली की व्याज तिचं आणि टॅक्स शून्य. हिशोब इतका सोपा वाटला की आपल्याला हे आधी का सुचलं नाही म्हणून मीच मला दोन शिव्या दिल्या.

2024 च्या एप्रिलात, वर्ष सुरू होताहोताच, जमवलेले 10 लाख मी बायकोच्या खात्यात टाकले. नुसते टाकले नाहीत, कलेक्टर ऑफिसजवळच्या टायपिस्टकडून ई-स्टॅम्पवर गिफ्ट डीड करून घेतलं. पैशाच्या गिफ्टला रजिस्ट्रेशन लागत नाही, पण मला कागद पक्का हवा होता. त्यात एक वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं, की हे गिफ्ट प्रेमापोटी दिलेलं असून ते कधीही परत मागता येणार नाही. टायपिस्टने चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "हौद्री, नक्की?" मी म्हटलं नक्की. तेव्हाच त्या माणसाचं ऐकायला हवं होतं.

एफडी साडेसात टक्क्याने झाली, म्हणजे वर्षाला 75 हजार व्याज. बँकेतल्या पोराने सांगितलं, त्या वर्षीच्या नियमाने व्याज 40 हजारांच्या वर गेलं की टीडीएस कापणार, तो कापू नये म्हणून मॅडमकडून 15जी फॉर्म भरून घ्या. बायकोने 15जीवर सही केली, मी "हां इथं, हां तिथं" करत बोट दाखवत होतो. वाचलं कुणी? कुणीच नाही. आपल्याकडे सही ही वाचायची गोष्ट नसते, करायची असते.

पुढच्या जुलैत मी दोघांचे कागद घेऊन टिळकवाडीतल्या सीएकडे गेलो. खरं म्हणजे माझ्या एकट्याचे पुरले असते, पण मला माझी हुशारी कुणाला तरी दाखवायची होती. बायकोचं एआयएस, म्हणजे तिच्या पॅनवर सरकारला काय काय कळलंय त्याचा कागद, मी टेबलावर असा ठेवला जसा पोरगा प्रगतिपुस्तक ठेवतो.

सीए म्हणाला, "दादा, वैनींच्या एफडीतले पैसे कुणाचे?"

"वैनींचे."

"त्या आधी कुणाचे?"

"माझे. पण गिफ्ट दिले ना, डीड आहे की."

त्याने डीड वाचलं. प्रेमापोटी या शब्दाशी थोडा थांबला. मग म्हणाला, "गिफ्टवर टॅक्स नाही, बरोबर. नवरा-बायको, आई-बाप, मुलं, भावंडं, या नात्यात कितीही दिलं तरी घेणाऱ्याला टॅक्स लागत नाही. ती 50 हजारांची मर्यादा बाहेरच्यांसाठी. पण गिफ्ट वेगळं आणि गिफ्टमधून पिकलेलं वेगळं. झाड दिलंत वैनींना, फळ मात्र कायद्याने तुमच्याच टोपलीत पडतं. 75 हजार तुमच्या उत्पन्नात धरायचे. ह्याला क्लबिंग म्हणतात, कलम 64."

क्लब म्हटल्यावर मला पत्ते आठवले, त्यामुळे पहिलं मिनिट मी हसत होतो. मग त्याने कॅल्क्युलेटर काढला. माझं करपात्र उत्पन्न सगळं वजा जाऊन 13 लाख, त्यात हे 75 हजार आले की ते त्या वर्षीच्या नव्या रेजीमच्या 20 टक्क्यांच्या पट्ट्यात बसतात, म्हणजे 15 हजार टॅक्स आणि वर 4 टक्के सेस, एकूण 15,600. शिवाय ही रक्कम 10 हजारांच्या वर असल्याने वर्षातच ॲडव्हान्स टॅक्स भरायला हवा होता, तो भरला नाही म्हणून आणखी हजार-दीड हजार व्याज. म्हणजे बायकोला मिळालेल्या व्याजावर मी टॅक्स भरायचा आणि त्या टॅक्सवर मी व्याज भरायचं. व्याज सगळ्यांना मिळत होतं, मी सोडून.

"आणि हे," त्याने 15जी उलटं करून माझ्यापुढे धरलं, "ह्यातलं डिक्लेरेशन वाचलंत?" बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, की हे उत्पन्न कलम 60 ते 64 प्रमाणे दुसऱ्या कुणाच्याही उत्पन्नात धरण्याजोगं नाही. म्हणजे जो प्रश्न मला आत्ता कळला त्याचं उत्तर माझ्या बायकोने वर्षापूर्वीच सहीनिशी देऊन ठेवलं होतं, आणि ते चुकीचं होतं. खोट्या डिक्लेरेशनला शिक्षेची तरतूद आहे म्हणे. मी घरी काय सांगू, की तुला शून्य टॅक्सच्या नादात खोटं बोलायला लावलं? सीए म्हणाला, यंदा 15जी देऊ नका, टीडीएस कापू दे. मी विचारलं, तो तर तिच्या पॅनवर कापणार, मग मला कसा मिळणार? तर त्यालाही रस्ता आहे, वैनींनी बँकेला लिहून द्यायचं की उत्पन्न नवऱ्याचं आहे, टीडीएस त्यांच्या पॅनवर दाखवा. बँकेतल्या त्या पोराला हे समजावताना माझं काय होईल ते मला तिथेच दिसलं.

रिटर्नमध्ये हे सगळं आयटीआर-2 मधल्या शेड्यूल एसपीआयमध्ये लिहितात. नाव बायकोचं, पॅन बायकोचा, नातं पत्नी, रक्कम 75 हजार, आणि बेरीज माझ्यात. लग्नपत्रिकेनंतर आमची नावं एका कागदावर इतकी जवळजवळ पहिल्यांदाच आली.

मग मी कट्ट्यावर शिकलेल्या सगळ्या वाटा विचारल्या. घर दिलं तर? निपाणीच्या मित्राने दुकानाचा गाळा बायकोच्या नावे केला, सब-रजिस्ट्रारकडे रीतसर दानपत्र, दोन साक्षीदार, फोटो, अंगठे, सगळं. सीए हसला. घर किंवा गाळा बायकोला असा दिला की इन्कम टॅक्सच्या दृष्टीने मालक तुम्हीच, भाडं तुमचंच धरणार, दानपत्र फ्रेम करून लावलं तरी. एकच सूट आहे, वेगळं राहण्याच्या कराराखातर दिलं असेल तर नवऱ्याला धरत नाहीत. हे मी घरी सांगितलं तेव्हा बायकोने भाजी ढवळणं थांबवलं आणि जरा जास्तच वेळ विचार केला.

मुलाच्या नावे? धाकटा सोळा वर्षांचा. अल्पवयीन मुलाचं व्याज आई-बापापैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात, म्हणजे परत मीच. जुन्या रेजीममध्ये एका मुलामागे 1,500 रुपयांची सूट मिळते, नव्यात तीही नाही. फक्त पोराने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कलेने कमावलं तर ते त्याचं. आमच्या पोराची कला मोबाईलवर आहे आणि तिची कमाई अजून तरी झालेली नाही.

खरी गंमत पुढे आली. आईला तिचे 5 लाख सुनेला द्यायचे होते, "ती माझं करते, तुला देऊन काय उपयोग?" या शब्दांत. सीए म्हणाला, आजींनी सुनेला दिले तर व्याज आजींच्या उत्पन्नात. सासू देणार, सून ठेवणार, हिशोब सासूच्या कपाळी. मग जावयाला दिलं तर? तर काही नाही! जावई कायद्याला चालतो. लेक सज्ञान असेल तर तीही चालते, मुलगा सज्ञान असेल तर तोही चालतो. कायद्याचा संशय बायकोवर आणि सुनेवर, म्हणजे घरात आलेल्या दोन बायकांवर. मी आईला हे समजावलं तर ती म्हणाली, "म्हणजे सरकारलाबी सासुरवास माहीत हाय."

बायको आतून ओरडली, "म्हणजे माझ्या बाबांनी तुम्हाला दिले तर चालतं?" चालतं. "मग त्यांना सांगू नका."

मी म्हटलं, आई माझ्या बहिणीला देईल, बहीण बायकोला देईल, मग? सीएने मान हलवली. कलमात सरळ किंवा आडून, दोन्ही लिहिलंय. निपाणीच्या आत्याकडून फिरवून आणलेलं गिफ्ट त्यांना कळत नाही असं समजू नका. (आत्याला सांगितलं असतं तर तिने मध्येच ठेवून घेतलं असतं, ते वेगळंच.) आता नवा कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, पण क्लबिंग जिथल्या तिथे आहे. मी खास विचारून घेतलं.

एकच बरी बातमी निघाली. बायकोने ते 75 हजार न मोडता परत एफडीत टाकले तर त्या 75 हजारांवरचं व्याज मात्र तिचंच, ते माझ्यात येत नाही. साडेसात टक्क्याने सरळ धरलं तर 5,625 रुपये. म्हणजे दुसऱ्या वर्षी एकूण 80,625 व्याजातले 75 हजार माझे आणि 5,625 तिचे. पण हिशोब दाखवता आला पाहिजे, म्हणून मुद्दलाची एफडी एकीकडे, व्याजाची दुसरीकडे, एकत्र घोळ करायचा नाही. मी हे कौतुकाने तिला सांगितलं तर ती म्हणाली, "वर्षभर वाट बघून माझे फक्त पाच हजार?" मी म्हटलं, टॅक्सच्या भाषेत. ती म्हणाली, "माझ्या भाषेत सगळे दहा लाख."

शेवटचा उपाय मलाच सुचला. थोरली एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात, कमाई शून्य. ते 10 लाख तिच्या नावावर असते तर व्याज तिचंच, क्लबिंग नाही, आणि 75 हजारांवर तिला टॅक्सच बसत नाही. मी बायकोला म्हटलं, तू ते पैसे परत दे, मी पोरीला देतो. तिने कपाटातून गिफ्ट डीड काढलं, ते वाक्य बोटाने दाखवलं आणि मोठ्याने वाचलं. प्रेमापोटी. कधीही परत मागता येणार नाही.

मी ई-चलान भरलं. त्याच दिवशी संध्याकाळी ती खडे बाजारातून पाव किलो कुंदा घेऊन आली, तिच्या व्याजाचा. मी दोन चमचे खाल्ले.

"आणखी घ्या की," ती म्हणाली, "टॅक्स भरलाय त्याचा."