१८० ची थाळी, हातात किती उरतात?

"सोलापुरात घरूनच क्लाऊड किचन काढतोय, भाकरी-शेंगा आमटीची थाळी १८० ला लावली तर परवडेल का?"

दादा, आधी हिशोब बघा. डिलिव्हरी ॲपशी माझा जो करार आहे त्यात त्यांचं कमिशन २५ टक्के आहे, म्हणजे ४५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ८ रुपये, डबे-पिशवी १४, किराणा ६०, म्हणजे उरले ५३ आणि त्यातूनच गॅस, भाकरीवाल्या मावशींचा पगार, लाईटबिल. आता २० टक्के डिस्काउंट स्वतःच्या खिशातून दिला की बिल १४४ वर येतं, कमिशन थोडं कमी होतं पण हातात जेमतेम २७-२८ राहतात!! मी पहिले दोन महिने ऑर्डरी मोजत बसलो आणि हे बघितलंच नाही.

मेनूचं म्हणाल तर मऊ भाकरी काढून टाकली. गरम भाकरी फॉईलमध्ये बांधली की वाफेनं घाम येतो आणि जुळे सोलापूरला पोचेपर्यंत ती चामट होते, त्यापेक्षा आपली कडक भाकरी कागदात द्या, तिला काही होत नाही आणि लोक आमटीत चुरून खातातच की. आमटी मात्र थोडी पातळच ठेवा, दाण्याच्या कुटामुळं गार होताना घट्ट होते. डबा काठोकाठ भरू नका, बोटभर जागा सोडा, नाहीतर वाफेनं झाकण उचलतं आणि सगळी तर्री पिशवीत. नवीन डबा आणला की मी भरून स्कूटीच्या डिकीत टाकतो आणि अर्धा तास खड्ड्यातनं फिरवतो, खड्डे काय आपल्याकडं शोधावे लागत नाहीत 😄