रिमाइंडरच्या लिंकनं कॅन्सल झालेल्या दोन अपॉइंटमेंट

वाचकाची प्रतिक्रिया: "तुमची पोस्ट वाचून बहिणीच्या पार्लरची साइट केली. रिमाइंडरमध्ये कॅन्सलची लिंक द्या म्हणालात, दिली. पहिल्याच आठवड्यात दोन अपॉइंटमेंट कॅन्सल, आणि त्या बायका म्हणतात आम्ही काही केलंच नाही. बहीण म्हणते बटणच काढून टाक, सोय दिली की लोक कॅन्सलच करणार. कोल्हापुरात लोक फोन करून येतात, हे सगळं पुण्या-मुंबईचं कौतुक. लिहिण्याआधी एकदा पार्लरमध्ये बसून बघा."

दादा, पहिली गोष्ट, त्या बायका खरं बोलतायत. आणि चूक निम्मी माझी आहे, कारण त्या पोस्टमध्ये मी "एका टचमध्ये कॅन्सल" असं लिहून मोकळी झाले आणि त्या टचमागं काय असायला पाहिजे ते लिहिलंच नाही.

तुम्ही बहुतेक असं केलं असणार की लिंक उघडली की सर्व्हरवर अपॉइंटमेंट लगेच कॅन्सल, आणि पान येतं "तुमची अपॉइंटमेंट रद्द झाली". आता गंमत अशी की लिंक फक्त माणूसच उघडतो असं नाही. काही फोनवरची मेसेजची ॲप लिंकचा छोटा प्रिव्ह्यू दाखवायला ते पान स्वतःच मागवतात, ऑफिसच्या ईमेलवर स्कॅनर बसवलेले असतात ते लिंक सुरक्षित आहे का बघायला आधी उघडून पाहतात. म्हणजे बाई स्वयंपाकघरात, फोन चार्जिंगला, आणि तिची अपॉइंटमेंट गेली. खात्री करायची असेल तर रिमाइंडर कधी गेला आणि कॅन्सल कधी झालं ह्या दोन वेळा शेजारी ठेवून बघा. फरक दोन-चार सेकंदांचा असेल तर माणूस नाही तो, एवढ्या वेळात कुणी मेसेज वाचतसुद्धा नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या रिक्वेस्टचा युजर एजंट पण बघा, बऱ्याचदा तिथं bot असं सरळ लिहिलेलंच सापडतं, पण नाही सापडलं म्हणून माणूस होता असं समजू नका.

उपाय सोपा आहे. लिंक उघडल्यावर काहीच बदलायचं नाही, फक्त अपॉइंटमेंट दाखवायची. बदल करायचा तो त्या पानावरचं बटण दाबल्यावरच.

```
GET   /a/:token             # फक्त दाखवा
POST  /a/:token/reschedule
POST  /a/:token/cancel
```

प्रिव्ह्यूवाले आणि स्कॅनर साधारण GET करतात, फॉर्म भरून POST करत बसत नाहीत. फक्त पान उघडल्याबरोबर स्क्रिप्टनं आपोआप POST होईल असलं शहाणपण करू नका, काही स्कॅनर स्क्रिप्टसुद्धा चालवतात. आणि हो, `:token` म्हणजे लांबलचक रँडम अक्षरं पाहिजेत. 142 लिहिलंत तर कुणीतरी 143 करून शेजारणीची अपॉइंटमेंट उडवेल, त्याला हॅकर लागत नाही, सुट्टीत कंटाळलेलं एक पोरगं पुरतं.

आता बहिणीचा मुद्दा, बटणच काढून टाक. इथं मात्र मी ऐकणार नाही. ज्या बाईला यायचं नाही ती बटण नसलं तरी येणार नाहीच, फक्त तुम्हाला कळणार नाही. फोन करून "येत नाही" म्हणायला लोकांना ओशाळल्यासारखं होतं, मग ते फोनच उचलत नाहीत. कॅन्सल झालेली ४ ची वेळ दुपारी १२ ला कळली तर बहीण दुसऱ्या कुणाला तरी बोलावू शकते, सव्वाचारला कळली तर खुर्ची रिकामीच जाते.

फक्त त्या पानावर दोन बटणं सारखी ठेवू नका. मोठं बटण "वेळ बदला", त्याच्याखाली साध्या अक्षरात "कॅन्सल करायचं आहे". कारण बहुतेकींना सर्व्हिस नको नसते, ती वेळ जमत नसते, सासूला दवाखान्यात न्यायचं निघालं, पोराची ट्यूशन बदलली, असलं काहीतरी. फक्त कॅन्सलच दिलंत तर त्या कॅन्सल करतात आणि "नंतर बघू" म्हणून राहून जातं.

आणि "पार्लरमध्ये बसून बघा" म्हणालात म्हणून सांगते. कोल्हापुरातच राजारामपुरीत एका सलूनचं काम केलं होतं, नाव नको, तिथं दिवाळीच्या आधीचे दोन शनिवार मी रिसेप्शनच्या स्टुलावर बसून काढलेत. एका बाईंचा रूट टचअप शनिवारी ४ ते साडेपाच होता, त्यांनी लिंकवरून रविवार ११ करायला घेतलं. माझा कोड आधी जुनी वेळ सोडायचा, मग नवी घ्यायचा. तेवढ्यात रविवारची ११ ची वेळ दुसऱ्या कुणीतरी फोनवरून घेतली, आणि शनिवारची ४ सुटल्या सुटल्या साइटवरून तिसरीनं उचलली. बाईंकडं दोन्ही नाही. तिथंच उभ्या राहून मला म्हणाल्या, "होती ती पण गेली की ओ!" मालकीण माझ्याकडं बघत होती. मी स्टुलावरून उठले.

तेव्हापासून नियम एकच, नवी वेळ हातात आल्याशिवाय जुनी सोडायची नाही. ह्याला लई काही लागत नाही. वेळ बदलायची म्हणजे जुनी नोंद पुसून नवी करायची नाही, त्याच नोंदीतली वेळ एका UPDATE मध्ये बदलायची, आणि एका स्टायलिस्टच्या दोन वेळा एकमेकींवर चढणार नाहीत हे डेटाबेसलाच सांगून ठेवायचं. पोस्टग्रेस वापरत असाल तर असं:

```sql
CREATE EXTENSION IF NOT EXISTS btree_gist;

ALTER TABLE bookings ADD CONSTRAINT no_overlap
EXCLUDE USING gist (staff_id WITH =, slot WITH &&)
WHERE (status = 'confirmed');
```

इथं `slot` हा `tstzrange` आहे, सुरुवात आणि शेवट एकत्र. आता रविवार ११ कुणी आधीच घेतलं असेल तर UPDATE फेल होतो आणि शनिवार ४ जशीच्या तशी राहते, पानावर फक्त "ही वेळ आत्ताच गेली, दुसरी निवडा, तुमची शनिवारची वेळ अजून आहे" एवढं दाखवायचं. ते शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर बाई घाबरून फोन करते. "आधी कोडमध्ये चेक करतो की रिकामं आहे का" ह्यावर भागवू नका, दोघींनी एकाच क्षणी चेक केलं तर दोघींनाही रिकामंच दिसतं. वेळ साठवताना शेवट धरायचा नाही, म्हणजे `[)`, नाहीतर साडेपाचला संपणारी आणि साडेपाचला सुरू होणारी एकमेकींना अडवतात आणि तुम्ही अर्धा दिवस डोकं खाजवत बसता.

रिमाइंडरची पण ह्यालाच जोडून एक भानगड आहे. बुकिंग झालं की लगेच "शुक्रवारी संध्याकाळी ७ ला मेसेज" असा जॉब लावून ठेवला आणि नंतर बाईंनी वेळ बदलली, तर जुना जॉब तसाच उडतो आणि त्यांना मेसेज जातो की उद्या ४ ला या. त्या येतात. मग भांडण. म्हणून मी आता जॉब लावतच नाही. संध्याकाळी ७ नंतर दर पाच मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट बघते की कुणाची अपॉइंटमेंट उद्या आहे, अजून कन्फर्म आहे आणि `reminder_sent_at` रिकामा आहे, त्यांनाच पाठवते. वेळ बदलली की त्याच UPDATE मध्ये तो कॉलम परत रिकामा करायचा. आणि ज्यांनी आत्ता तासाभरापूर्वीच बुक केलंय त्यांना रिमाइंडर नको, लोकांना वाटतं ह्यांचं काहीतरी बिघडलंय.

मेसेज आदल्या संध्याकाळी का, तर कॅन्सल झालंच तर दुसरी बाई बोलवायला हातात रात्र आणि सकाळ मिळते. फक्त दोन तास आधी पाठवलात तर तो आठवणीला चांगला, पण खुर्ची भरायला काही उपयोगाचा नाही. तो वेगळा पाठवायचा असेल तर पाठवा, मी नाही पाठवत. मेसेजमधली वेळ एकदा स्वतःच्या फोनवर वाचून बघा. ४ च्या जागी सकाळचे साडेदहा दिसले तर सर्व्हर यूटीसीत वेळ छापतोय, बरोबर साडेपाच तासांचा फरक, `Asia/Kolkata` लावायचं राहिलंय. आणि एसएमएस पाठवत असाल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली लिंक मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी नोंदणीवर आधी व्हाइटलिस्ट केलेली लागते, नाहीतर ऑपरेटर मेसेज अडवतो आणि तुम्ही कोड तपासत बसता.

उशिरा कॅन्सल करणारीचं काय? काही साइट तीन तास राहिले की बटण बंद करतात. मी नाही करत. बंद केलं तर ती सांगतच नाही, एवढंच होतं. कॅन्सल होऊ द्या, फक्त नोंदीवर "उशिरा" अशी खूण ठेवा. आयब्रोसाठी ॲडव्हान्स मागू नका, कुणी देणार नाही आणि शेजारच्या पार्लरला जातील. पण स्मूदनिंग किंवा ब्रायडल, जिथं अर्धा दिवस अडकतो, तिथं बुक करतानाच थोडा ॲडव्हान्स घ्या, आणि किती तास आधी कॅन्सल केलं तर परत मिळेल ते पैसे भरायच्या बटणाच्या वरच लिहा, खाली बारीक अक्षरात नको.

राहिलं फोनचं. इथं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, कोल्हापुरात लोक फोनच करतात, आणि मी पहिल्या पोस्टमध्ये हे धरलंच नव्हतं. पण त्याचा अर्थ साइट नको असा होत नाही. माझ्या त्या शनिवारी रविवारचे ११ फोनवरूनच गेले होते, आणि रिसेप्शनवरच्या पोरीनं ते साइटमध्ये लगेच टाकलं म्हणून निदान दोघी एकाच वेळेला खुर्चीपाशी आल्या नाहीत. तिनं ते वहीत लिहिलं असतं तर साइटनं तीच वेळ परत विकली असती. वही आणि साइट असे दोन हिशेब चालू राहिले की घोळ होणारच, वरचा कन्स्ट्रेंटसुद्धा वाचवणार नाही, त्याला वहीतलं काय माहीत. म्हणून बहिणीसाठी एक वेगळी स्क्रीन करा, मोबाइल नंबर, सर्व्हिस, वेळ, बास. नाव पण सक्तीचं नको. फोन कानाला असताना एका हातानं भरता आलं पाहिजे. वीस सेकंदांत झालं तर ती साइटमध्ये टाकेल, एक मिनिट लागलं तर वहीच उघडेल, हे मी त्या स्टुलावर बसून बघितलंय.

आणि कॅन्सल झालं की सुटलेली वेळ आपोआप कुणाला द्यायच्या फंदात आत्ता पडू नका. बहिणीच्या फोनवर मेसेज येऊ दे, "शनिवार ४ मोकळी". कुणाला बोलवायचं ते तिला पाठ असतं.

आज एवढंच करा, कॅन्सल POST वर न्या आणि तोवर रिमाइंडरमधली लिंक काढून नुसता पार्लरचा नंबर ठेवा. आणि त्या दोन बायकांना बहिणीनं स्वतः फोन करून पुढची वेळ द्यावी, चूक साइटची होती म्हणून सांगावं. लॉगमधल्या दोन वेळा जुळल्या नाहीत, म्हणजे रिमाइंडर आणि कॅन्सलमध्ये तासाभराचा फरक निघाला, तर इथंच लिहा, मग भानगड दुसरी आहे.